उन्हात मिचमिचलेले डोळे फोटोत उघडायचेत, पण चेहरा आईचाच राहायला हवा

सुलभा_केरी

नमस्कार मंडळी. आईची साठीशांत झाली, फोंड्याच्या बाजूला देवळाच्या अग्रशाळेत. विधी आटोपून फोटोला उभे राहिलो तोवर साडेबारा वाजलेले, समोर पांढरी दीपमाळ, खाली फरशी, सगळीकडून नुसता उजेड. त्यामुळे आईचा जो एकमेव चांगला एकटीचा फोटो आहे, नऊवारी, नथ, हसू सगळं छान, त्यात डोळे मात्र मिचमिचलेले. शिवाय तिची डावी पापणी जन्मापासूनच जरा खाली आहे. घरात ते कोणाला जाणवतही नाही, तिचा चेहराच तसा आहे.

स्टुडिओवाल्याला सांगितलं डोळे जरा उघडून द्या. त्याने दोन्ही डोळे एकसारखे गोल मोठे करून दिले. आई बाहुलीसारखी दिसतेय. मावशीने फोटो बघून विचारलं ही कोण! आता मूळ फाईल माझ्याकडे आहे, मोठी आहे, फोटोशॉप मी डीटीपीच्या कामापुरतं वापरते. वीस बाय तीस इंचाचा कॅनव्हास करून हॉलमध्ये लावायचाय. डोळे थोडे उघडे हवेत पण आईचे हवेत. कसं करायचं?

रोहन_पर्वरी

सोप्पं आहे ताई. Filter मधे Liquify उघड, डाव्या बाजूचं चेहऱ्याचं टूल घे, ते आपोआप चेहरा ओळखतं. मग Eyes खाली Eye Size पंचवीस-तीस कर, मधली साखळी चालू ठेव म्हणजे दोन्ही डोळ्यांना सारखंच लागतं. दोन मिनिटांचं काम, मी इन्स्टासाठी रोज करतो.

तिसवाडीचा_तिरकस

म्हणजे त्या स्टुडिओवाल्याने नेमकं जे केलं तेच परत कर म्हणतोयस 😄

रोहन_पर्वरी

अरे त्याने शंभर केलं असेल, मी पंचवीस म्हणतोय.

अल्बमवाला_फोंडा

रोहन, तुझं टूल बरोबर आहे, स्लायडर चुकीचा आहे. Eye Size ने अख्खा डोळा मोठा होतो, म्हणजे आतलं काळं बुबुळसुद्धा मोठं होतं. खऱ्या माणसात डोळा कितीही उघडा किंवा मिटा, बुबुळाचा आकार बदलत नाही, फक्त पापण्या सरकतात आणि बुबुळ कमीजास्त झाकलं जातं. आई बाहुलीसारखी का दिसते त्याचं उत्तर एवढंच. बुबुळ थोडंसं जरी मोठं झालं तरी ओळखीच्या माणसाला लगेच खटकतं, कारण काय बदललंय ते सांगता येत नाही पण वेगळं वाटतं.

आणि साखळी चालू ठेवलीस की सुलभाताईंच्या आईची डावी पापणी जी मुळात खाली आहे तिचं काय करायचं हे ठरवायची संधीच जाते. साखळी आधी काढायची, दोन डोळ्यांचे आकडे वेगळे.

त्यातल्या त्यात Eye Height हा स्लायडर बरा, तो फक्त उंची वाढवतो. पण तोही आतलं बुबुळ उभं ताणतो. दहा-बारापर्यंत चालून जातं, त्यापुढे बुबुळाची कड नीट बघा, गोल राहत नाही, अंड्यासारखी होते. मोबाईलवर कोणाला कळणार नाही. वीस बाय तीसच्या कॅनव्हासवर कळणार.

सुलभाताई, मी लग्नाचे अल्बम करतो, डोळ्यांचं काम रोजचंच. आधी दोन गोष्टी सांगा. एक, त्याच वेळचा दुसरा फोटो आहे का ज्यात चेहरा वाकडा असला तरी डोळे बरे उघडे आहेत? दुसरं, सावलीतला, आई आरामात बसलेली असा कुठलाही समोरून काढलेला फोटो आहे का?

मंदाकाकू_डिचोली

माझी पण डावी पापणी हल्ली खाली येते ग. संध्याकाळी जास्त. डोळ्यांचा व्यायाम केला तर वर येते का? कोणीतरी सांगितलं बर्फ लावायचा.

चष्मेवाली_म्हापसा

मंदाकाकू, हा धागा फोटोतले डोळे उघडायचा आहे 🙂 पण तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं आहे. नव्याने खाली येणारी पापणी, त्यात संध्याकाळी जास्त होणारी, ही बर्फाने आणि व्यायामाने बघायची गोष्ट नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, संध्याकाळी वाढते हे त्यांना मुद्दाम सांगा. आणि कधी एक वस्तू दोन दिसायला लागली, डोळ्यांतल्या बाहुल्या लहानमोठ्या वाटल्या किंवा पापणी एकदम खाली आली, तर थांबायचं नाही, सरळ बांबोळीला इस्पितळात जायचं.

मंदाकाकू_डिचोली

बरं बाई. सोमवारी जाते. फोटोचं चालू दे तुमचं.

सुलभा_केरी

अल्बमवाला, त्याच वेळचे आणखी फोटो आहेत पण सगळ्यांत डोळे तसेच, एकात तर पूर्ण मिटलेत. सावलीतला एक आहे, मागच्या चतुर्थीला ओसरीवर बसलेली, समोर बघतेय, हसत नाहीये. त्यात डोळे तिचे नेहमीचे आहेत.

अल्बमवाला_फोंडा

ओसरीवरचा फोटो म्हणजे सोनं. तो आपला नकाशा. दुसरा कोणाचा सुंदर डोळा बघून काम करायचं नाही, याच बाईचा आरामातला डोळा बघून करायचं.

आता मोजायचं कसं. फोटो लहानमोठे असतात म्हणून मिलिमीटर मोजता येत नाहीत, पण बुबुळाची रुंदी हीच मोजपट्टी धरायची. Ruler टूल घ्या, बुबुळाची डावी कड ते उजवी कड आडवं मोजा. मग त्याच डोळ्यात बाहुलीच्या मधून सरळ उभं, वरच्या पापणीच्या कडेपासून खालच्या पापणीच्या कडेपर्यंत मोजा. दुसऱ्याला पहिल्याने भागा. हे ओसरीच्या फोटोत आणि देवळाच्या फोटोत, दोन्ही डोळ्यांचं करा आणि इथे टाका. मान दोन्हीत साधारण सरळच आहे ना, हनुवटी फार वर-खाली असली तर हिशोब बिघडतो.

चष्मेवाली_म्हापसा

मी दुकानात रोज डोळे मोजते म्हणून भर घालते. मोठ्या माणसाच्या बुबुळाची आडवी रुंदी साधारण साडेअकरा-बारा मिलिमीटर असते, माणसामाणसात फार फरक नसतो, म्हणून मोजपट्टी म्हणून ते चांगलंच. नेहमीच्या उघड्या डोळ्यात वरची पापणी बुबुळाचा वरचा एक-दोन मिलिमीटर भाग झाकते, वय झालं की जरा जास्त. खालची पापणी बुबुळाच्या खालच्या कडेला जेमतेम टेकलेली असते. फोटोत बुबुळाच्या वर किंवा खाली पांढरं दिसलं की माणूस घाबरलेला किंवा रागावलेला वाटतो, त्यामुळे तिथे पांढरं दिसता कामा नये.

अजून एक. वरच्या पापणीच्या कमानीचं टोक बरोबर बाहुलीच्या वर नसतं, नाकाच्या बाजूला किंचित सरकलेलं असतं. खालच्या पापणीचा सगळ्यात खोल भाग उलट कानाच्या बाजूला असतो. एडिट केलेले डोळे वर-खाली दोन्हीकडून मधोमध फुगवलेले असतात, तिथेच पहिला घोटाळा.

अल्बमवाला_फोंडा

बघा, हे मला हाताने माहीत होतं, कारण आज कळलं.

सुलभा_केरी

मोजलं. ओसरीच्या फोटोत उजवा डोळा बुबुळाच्या रुंदीच्या ०.८०, डावा ०.६८. देवळाच्या फोटोत बुबुळ दोन्ही डोळ्यांत ९४ पिक्सेल रुंद. उजव्या डोळ्याची उघडीप ५६, डाव्याची ४७. म्हणजे ०.६० आणि ०.५०. आता?

अल्बमवाला_फोंडा

आता उत्तर तुमच्या हातातच आहे. ९४ च्या ०.८० म्हणजे ७५, ०.६८ म्हणजे ६४. उजवा डोळा १९ पिक्सेलने उघडायचा, डावा १७ ने. डावा उजव्यापेक्षा कमी उघडाच राहणार, तो तसाच हवाय.

पण हे १९ कुठून काढायचे यातच सगळं काम आहे. बहुतेक लोक सगळे वरच्या पापणीतून काढतात, पापणी वर ढकलतात. उन्हात आणि हसताना डोळा बारीक होतो तो मुख्यतः खालून, गाल वर चढतो आणि खालची पापणी वर येऊन बुबुळाची खालची कड खाऊन टाकते. खाली किती झाकलंय ते बघायला एक युक्ती करा. बाहुलीच्या केंद्रावर ९४ पिक्सेलचं वर्तुळ काढा वेगळ्या लेयरवर, नुसती रेघ, आत रंग नको. बुबुळ पूर्ण दिसलं असतं तर कुठपर्यंत गेलं असतं ते त्या वर्तुळाने कळतं. त्या वर्तुळाचा वरून किती भाग आणि खालून किती भाग पापणीखाली आहे ते सांगा.

सुलभा_केरी

उजव्यात वरून २६, खालून १२. डाव्यात वरून ३५, खालून १२. अरे हो, खालून दोन्हीकडे सारखंच आहे! आणि डाव्यात वरची पापणी बाहुलीला अगदी टेकलीय.

अल्बमवाला_फोंडा

हेच पाहिजे होतं. खालचे १२ हे ऊन आणि हसू, दोन्ही डोळ्यांना सारखं. वरचा ९ पिक्सेलचा फरक म्हणजे आईची जन्माची पापणी. ओसरीच्या फोटोशी ताडून बघा, तिथेही तुमच्या मोजमापात उजव्या-डाव्याचा फरक ०.१२, म्हणजे ९४ वर साधारण ११. मिचमिचल्यामुळे तो किंचित कमी दिसतोय एवढंच.

तर उजव्या डोळ्यात खालून १२, वरून ७. डाव्यात खालून ११, वरून ६. पण थांबा, आई हसतेय म्हणालात ना? मग खालचे पूर्ण बारा घेऊ नका, आठ-नऊ घ्या. हसणाऱ्या माणसाची खालची पापणी बुबुळाच्या कडेवर थोडी चढलेलीच असते. ओसरीवर ती हसत नव्हती, तिथली खालची पापणी हसऱ्या चेहऱ्यावर बसवली की तोंड हसतंय आणि डोळे नाहीत असा प्रकार होतो. म्हणजे एकूण उघडीप नकाशापेक्षा तीनेक पिक्सेल कमी राहील, राहू दे.

तिसवाडीचा_तिरकस

तीन पिक्सेलसाठी एवढा खटाटोप? कॅनव्हास भिंतीवर, बघणारा सहा फुटांवर सोफ्यावर.

अल्बमवाला_फोंडा

पात्रांव, बघणारी तिची बहीण आहे. ती सोफ्यावरून नाही, नाक लावून बघणार.

बरं, आता प्रत्यक्ष काम. नुसत्या लिक्विफायने का करत नाही ते आधी सांगतो. पापणीखाली जे बुबुळ झाकलेलं आहे ते फोटोत नाहीच आहे. लिक्विफायच्या ब्रशने पापणी खाली ओढली तर फोटोशॉप नवं बुबुळ कुठून आणणार, असलेलंच ताणतो. बुबुळ गोठवून म्हणजे Freeze Mask मारून ओढलं तर कडेचे चार पिक्सेल ताणून बारा करतो, मग तिथे रेघारेघांचा चिखल होतो. म्हणून दोन-तीन पिक्सेलच्या कामाला लिक्विफाय उत्तम, त्याच्यावर गेलं की पापणी वेगळी हलवायची आणि खालची जागा आपण भरायची.

खालच्या पापणीपासून सुरू करा. लॅसोने खालची पापणी निवडा, पापण्यांचे केस, ओली कड आणि खाली डोळ्याच्या पिशवीपर्यंतची कातडी सगळं घ्या, वरची बाजू ओल्या कडेला चिकटून काटेकोर, खालची बाजू गालात सैल. Ctrl+J ने नव्या लेयरवर. मग Edit मधलं Warp लावून मधला भाग आठ-नऊ पिक्सेल खाली घ्या, कानाच्या बाजूला थोडं जास्त, दोन्ही कोपरे मात्र जागचे हलता कामा नयेत. कोपरे हलले की डोळ्याचा आकार गेला, मग बाकी कितीही छान करा आई दिसणार नाही. गालाकडची कड मास्क लावून मऊ ब्रशने विरघळवा.

मूळ लेयरवर आता जुनी पापणी मागे दिसत राहील, तिथे बुबुळाचा खालचा तुकडा हवाय. दोन्ही पापणी-लेयरच्या खाली एक नवा लेयर करा. बुबुळाच्या डाव्या-उजव्या बाजूला, घड्याळात तीन आणि नऊ जिथे असतात तिथे, कड पूर्ण दिसते. त्यातली पाचर कापा, बाहुलीपासून बाहेर थोड्या पांढऱ्यापर्यंत, Ctrl+T दाबा, फिरवण्याचं केंद्र बाहुलीच्या मधोमध आणा आणि पाचर नव्वद अंश फिरवून खाली नेऊन बसवा. केंद्राचं ते चिन्ह नव्या फोटोशॉपमध्ये लपवलेलं असतं, वरच्या पट्टीत अगदी डावीकडे बारीक चौकोन आहे त्यावर टिक केली की दिसतं. बुबुळ गोल आहे म्हणून फिरवलेला तुकडा कडेला बरोबर बसतो, ती मघाची वर्तुळाची रेघ आहेच तपासायला. आपल्याकडचे डोळे गडद तपकिरी असतात, रेषा फारशा दिसत नाहीत, त्यामुळे हे काम आपल्याला सोपं जातं. घाऱ्या डोळ्यांत रेषांचा जोड लपवायला जीव जातो.

बुबुळाची कड कापल्यासारखी धारदार ठेवू नका, खऱ्या डोळ्यात काळं पांढऱ्यात हळू मिसळतं. बाकीची कड जेवढी मऊ तेवढीच ही.

पेडण्याचा_पोरगा

माझ्याकडे फोटोशॉप नाही, गिंप आहे. त्यात होईल का हे?

अल्बमवाला_फोंडा

होईल. चेहरा ओळखणारे स्लायडर गिंपमध्ये नाहीत, त्याची गरजही पडली नाही आतापर्यंत. पापणीचा लेयर वेगळा काढ, Warp Transform घे, वर Move pixels ठेव, ब्रश पापणीपेक्षा मोठा आणि Strength कमी, आणि हळूहळू ढकल. लहान ब्रशने ढकलशील तर कड लाटालाटांची होईल. पाचर फिरवायला Rotate टूल, त्यातही केंद्राचा ठिपका ओढून बाहुलीवर नेता येतो.

सुलभा_केरी

खालचं जमलं! उजव्या डोळ्याला जास्त वेळ लागला, डावा पटकन झाला. खरंच नुसतं खालचं केल्यावरच आई निम्मी परत आली. आता वरची पापणी. ती सरळ सात पिक्सेल वर उचलू का?

अल्बमवाला_फोंडा

उचला, पण भुवई आणि पापणीची घडी यांच्याकडे बघत. डोळा उघडतो तेव्हा पापणी घडीच्या आत सरकते. म्हणजे केसांची रेघ आणि वरची घडी यांच्यातलं अंतर कमी होतं. सगळं मिळून वर ढकललं तर घडी पण वर जाते, भुवईखालची जागा आवळते आणि चेहऱ्यावर आश्चर्य येतं. त्यामुळे केसांची रेघ सात वर, घडी फार तर एक-दोन, भुवई अजिबात नाही. मधली पट्टी बारीक होईल, तीच खरी खूण. तुमच्या आईच्या डाव्या डोळ्यात ती पट्टी उजव्यापेक्षा रुंद असेल बहुतेक, बघा.

सुलभा_केरी

हो! डाव्यात रुंद आहे. आणि डावी भुवई किंचित वर आहे, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

चष्मेवाली_म्हापसा

असतंच तसं. पापणी खाली असली की माणूस नकळत भुवईने ती उचलून धरतो, कपाळाचा स्नायू वापरून. ती उंच भुवई खाली आणू नका, तीही तिच्या चेहऱ्याचा भाग आहे.

रोहन_पर्वरी

एवढं सगळं करण्यापेक्षा ओसरीच्या फोटोतले डोळेच कापून चिकटवले तर? तिचेच आहेत की.

अल्बमवाला_फोंडा

कल्पना बरी आहे, एकाच जागी एकाच वेळी काढलेले फोटो असते तर मी पहिलं तेच सांगितलं असतं, म्हणूनच सुरुवातीला विचारलं. बर्स्टमध्ये काढलेल्या दोन फोटोंत मास्क लावून डोळा बदलणं हा सगळ्यात कमी त्रासाचा आणि सगळ्यात खरा उपाय. पण ओसरीवर उजेड एका बाजूने येतो, देवळात डोक्यावरून. ओसरीवर बाहुली मोठी, उन्हात बारीक. डोळ्यात चमकणारा ठिपका वेगळ्या जागी. आणि ती हसत नाहीये. चिकटवलेला डोळा उसना वाटेल.

त्या ठिपक्यावरून आठवलं सुलभाताई, वरची पापणी वर नेल्यावर चमकेचा ठिपका तपासा. आधी पापणीने तो अर्धा कापला असेल तर आता कापलेलाच अर्धगोल बुबुळात अधांतरी दिसेल. तो पूर्ण करा किंवा पापणीला टेकेल इतका वर न्या, दोन्ही डोळ्यांत एकाच दिशेला. आणि वरच्या पापणीची डोळ्यावर एक सावली पडते, पांढऱ्यावर आणि बुबुळाच्या वरच्या भागावर. पापणी वर गेली की ती सावलीही तिच्यासोबत वर जायला हवी. नव्या लेयरवर Multiply, डोळ्यातलाच गडद रंग उचलून मऊ ब्रशने दहा-पंधरा टक्क्यांनी. ही विसरलात तर डोळे खोबणीतून बाहेर आल्यासारखे वाटतात.

सुलभा_केरी

केलं. आकडे बसले, वर्तुळ बसलं, सावली टाकली. पण काहीतरी अजून खटकतंय. डोळे उघडे आहेत पण ती उन्हाला त्रासलेलीच वाटते.

अल्बमवाला_फोंडा

दोन भुवयांच्या मध्ये उभ्या आठ्या आहेत का? आणि डोळ्याखाली आडव्या बारीक सुरकुत्यांचा जुडगा?

सुलभा_केरी

आहेत. दोन्ही.

अल्बमवाला_फोंडा

मग तेच. डोळा उघडला पण चेहरा अजून मिचमिचतोय. भुवयांमधल्या आठ्या उन्हाच्या, त्या हीलिंग ब्रशने वेगळ्या लेयरवर झाका आणि लेयरची ऑपॅसिटी पन्नास-साठवर आणा, पूर्ण पुसू नका, साठीच्या बाईला तिथे थोडी खूण असतेच. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्यांना हात लावू नका, त्या हसण्याच्या आहेत. खालच्या पापणीखालचा जुडगा थोडा सैल करा, पापणी खाली आणलीत तेव्हा तो दबलाय, आणखी दाट झाला असेल.

मग Image Rotation मधून फोटो आडवा उलटा करून बघा. रोज बघून डोळ्याला सवय झालेली असते, उलट्या फोटोत चूक एकदम समोर येते. आणि फोटो पंचवीस टक्क्यांवर लहान करून बघा, दोनशे टक्क्यांवर काम करताना आपण पापणी बघतो, माणूस बघत नाही.

तिसवाडीचा_तिरकस

मला एक कळत नाही. एवढं मोजमाप करून डाव्या डोळ्याची खोड जपताय, पण फोटो भिंतीवर वर्षानुवर्षं राहणार. एवढं हाताशी आहे तर डावा डोळा पण उजव्याइतका करायला काय हरकत? स्टुडिओचं काम वाईट होतं हे मान्य, पण त्याचा हेतू चुकीचा होता असं नाही. आईला विचारलंत का कोणी?

सुलभा_केरी

आईला विचारलं. ती म्हणाली कर काय ते, मला काय कळतंय. दादा म्हणतो दोन्ही सारखे कर, लग्नाच्या फोटोत पण तिने मान वाकडी ठेवून तो डोळा लपवलाय. मावशी म्हणते हात लावायचा नाही.

अल्बमवाला_फोंडा

हे माझ्या टूलच्या बाहेरचं आहे. गिऱ्हाईक म्हणालं तर मी फरक अर्धा कमी करून देतो, पूर्ण सारखा कधी करत नाही, कारण कोणाचेच दोन डोळे सारखे नसतात आणि सारखे केले की चेहरा मुखवट्यासारखा होतो. तुमच्या आकड्यांत म्हणायचं तर डावी वरची पापणी सहाऐवजी दहा-अकरा. लेयर वेगळे आहेत, दोन्ही करून बघा घरात.

चष्मेवाली_म्हापसा

माझं मत मावशीच्या बाजूने. पण माझ्याकडे फ्रेम घ्यायला येणाऱ्या बायका स्वतःच सांगतात, काठ जाड द्या म्हणजे पापणी दिसणार नाही. त्यामुळे ज्याचा डोळा त्याला काय वाटतं ते बाहेरून सांगणं कठीण. आईंना दोन्ही प्रिंट दाखवा, कोणता कुठला ते न सांगता.

पेडण्याचा_पोरगा

विषय निघालाच आहे तर, माझ्या आज्याचा पासपोर्ट करायचाय, फोटोत डोळे अर्धे मिटलेले आलेत. तिथे असंच करू का?

अल्बमवाला_फोंडा

नको. पासपोर्टच्या फोटोत सॉफ्टवेअरने चेहरा बदललेला चालत नाही. परत काढ. आज्याला सांग डोळे मिट, मी तीन म्हटलं की उघड, आणि तीन म्हटल्याबरोबर क्लिक कर. उघडल्या उघडल्या क्षणभर डोळे मोठे असतात. पाठ उन्हाकडे करून किंवा सावलीत. सुलभाताईंच्या आईलाही त्या दिवशी दीपमाळेकडे पाठ करून उभं केलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

सुलभा_केरी

खरंय. पण मग दीपमाळ आईच्या मागे कडक उन्हात पांढरीफटक आली असती, ते परत वेगळं दुखणं. असो, दोन्ही करून छोट्या प्रिंट काढल्या, एकात डावा डोळा तसाच, दुसऱ्यात अर्धा फरक कमी. आईने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, नथ इतकी पिवळी का आलीय? दोन्हींत डोळ्याबद्दल अवाक्षर नाही. मावशीने मात्र दुसरा बघून लगेच सांगितलं, याच्यात काहीतरी केलंय. दादा अजून दुसऱ्यावरच अडून आहे.

रोहन_पर्वरी

नथेचं मी सांगतो, Hue/Saturation मधे पिवळा निवडून कमी कर. ते तरी बरोबर आहे ना अल्बमवाला? 😅

अल्बमवाला_फोंडा

बरोबर, फक्त मास्क नथेपुरता ठेव, नाहीतर हळद लावलेलं कपाळ पण फिकं होईल.